संबोधन वेगळं, स्वागत वेगळं : विज्ञान चर्चासत्राच्या स्वागत भाषणाचा माझा अनुभव

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्राचार्य सरांनी केबिनमध्ये बोलवून घेतलं आणि म्हणाले, यंदाच्या चर्चासत्राचं स्वागत भाषण तुम्ही करायचं. मी पदार्थविज्ञान शिकवतो, कॉलेज हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आहे, आणि चर्चासत्र होतं गुरुत्वीय लहरींवर, एक दिवसाचं, २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला धरून ठेवलेलं. विषय आमच्यासाठी घरचाच म्हणायचा, कारण औंढा नागनाथजवळ ह्याच लहरी टिपणारी लायगो इंडियाची वेधशाळा व्हायलीय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली तेव्हापासून आमच्या बीएस्सीच्या पोरांच्या तोंडी ते नाव असतंच. मला वाटलं विषय आपला, लोकं आपली, भाषण दोन दिवसांत लिहून होईल. प्रत्यक्षात शेवटचा बदल कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पावणेदहाला केला, आणि त्यातही एक चूक राहिलीच. ज्यांच्यावर पुढं हे काम येईल त्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं नीट लिहून काढतोय.

पहिला मसुदा झाला चार पानं. सुरुवातीला एक सुभाषित, मग रामन यांचा शोध, मग दीड पान लायगोवर, म्हणजे १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा लहर कशी सापडली, वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात कशा असतात, लहर गेली की त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका फरक कसा पडतो वगैरे. त्यानंतर पाहुण्यांची नावं आणि प्रत्येकाच्या पदव्या, पुरस्कार, किती विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडं पीएचडी केली ते, आणि शेवटी मंडपवाल्यापासून सगळ्यांचे आभार. हे घेऊन मी आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या निवृत्त सरांकडं गेलो. त्यांनी कितीतरी वर्षं कॉलेजचे सगळे कार्यक्रम सांभाळले, अजूनही गावात कुठं पत्रिका छापायची असली की आधी त्यांना दाखवतात.

सरांनी चारही पानं शांतपणे वाचली. मग पेन्सिल घेतली आणि म्हणाले, "ह्याच्यात चार जणांचं काम तू एकटाच करायलास. लहरींचं सगळं प्रास्ताविक करणाऱ्याचं हाय, ते तुमच्या विभागप्रमुखाला दे. पुरस्कार, पदव्या हे परिचय करून देणाऱ्याचं. आभार तर आभारवाल्याचे. मग तुझं काय राहिलं सांग."

माझं काय राहिलं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. सरांनी सांगितलं ते असं, की स्वागत करणाऱ्याची कामं दोनच. एक, सभेत कोण कोण बसलंय ते योग्य क्रमानं सांगून सभेला संबोधायचं. दोन, जे बाहेरून आलेत त्यांचं यजमानांच्या वतीनं स्वागत करायचं. ह्या दोन गोष्टी बहुतेक जण एकत्र कालवतात आणि सगळा घोळ तिथंच सुरू होतो. संबोधनात घरचे आणि बाहेरचे सगळे येतात, स्वागतात फक्त बाहेरचे. मी मसुद्यात "आमचे प्राचार्य यांचे मी हार्दिक स्वागत करतो" असं लिहिलं होतं, त्याच्यावर सरांनी रेघ मारली. प्राचार्य यजमान आहेत, मी त्यांच्याच वतीनं बोलतोय, मग त्यांचंच स्वागत मी कसं करणार. लग्नात नवरीकडच्यांनी नवरीच्या बापाचं स्वागत करायचं नसतं, असं सर म्हणाले, आणि ते मला लगेच पटलं. संबोधनात प्राचार्यांचं नाव मानानं घ्यायचं, स्वागतात नाही.

हे एकदा डोक्यात बसल्यावर क्रमाचा प्रश्न निम्मा सुटला, पण निम्माच.

कारण माझ्या मनात क्रम म्हणजे पदाचा मोठेपणा असं होतं. आमच्याकडं मंचावर येणार होते संस्थेचे अध्यक्ष, विद्यापीठाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेचे अधिष्ठाता, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्राचार्या, संस्थेचे सचिव आणि आमचे प्राचार्य. शिवाय पुण्याहून एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाई ऑनलाइन बीजभाषण करणार होत्या. आता ह्यांच्यात मोठं कोण? विद्यापीठाचा माणूस मोठा की संस्थेचा? शास्त्रज्ञ बाईंचं काम जगभर माहीत असलेलं, मग त्यांना पहिलं घ्यायचं का? विभागात आम्ही ह्याच्यावर एक अख्खा ऑफ तास घालवला आणि प्रत्येकाचं मत वेगळं पडलं.

सरांचं उत्तर सरळ होतं. पद बघायचं नाही, त्या दिवशीची भूमिका बघायची. त्या सभेचा अध्यक्ष पहिला, मग तो कुणीही असो. त्याच्यानंतर उद्घाटक. मग बीजभाषण करणारे, मग प्रमुख पाहुणे. त्याच्यानंतर संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, उपप्राचार्य, विभागप्रमुख आणि संयोजक. मंच संपला की खाली, बाहेरून आलेले प्राध्यापक आणि संशोधक, मग पत्रकार, मग आपले प्राध्यापक आणि कर्मचारी, शेवटी विद्यार्थी. एकाच भूमिकेत दोघं असले, म्हणजे समजा प्रमुख पाहुणे दोन आहेत, तर तेवढ्यापुरतं पद बघायचं, आणि पदही सारखं असलं तर ज्येष्ठता. अध्यक्ष पहिला का, तर सभा त्याच्या अधीन असते, बोलणारा प्रत्येक जण एका अर्थी त्याच्या परवानगीनं बोलतो, म्हणून पहिला शब्द त्याला उद्देशून. आणि म्हणूनच बोलायच्या क्रमात तो शेवटी येतो. हे दोन क्रम उलटे आहेत हे नीट लक्षात ठेवावं लागतं. मी पहिल्यांदा कार्यक्रमपत्रिकेवरून नावं उतरवून घेतली होती, आणि पत्रिकेत अध्यक्षीय समारोप खाली असल्यामुळं अध्यक्ष माझ्या यादीत पाचवे आले होते.

काही ठिकाणी बीजभाषण उद्घाटनात नसतं, चहानंतर पहिल्या सत्रात असतं, तेव्हा त्या वक्त्याला प्रमुख पाहुण्यांनंतर घेतात. आमचं उद्घाटनातच होतं म्हणून आम्ही उद्घाटकांनंतर घेतलं. दोन्ही चालतं, फक्त पत्रिकेत, सत्कारात आणि भाषणात एकच क्रम पाहिजे. पत्रिकेत तिसरं नाव आणि सत्कारात पाचवं असं झालं की लोकांच्या लगेच लक्षात येतं, आणि मानपान म्हटलं की आपल्याकडं माणसं किती दिवस मनात धरतात ते सांगायला नको.

आमच्यातल्या एकानं सरकारच्या राजशिष्टाचाराच्या यादीचा मुद्दा काढला, राष्ट्रपतींपासून खालपर्यंत कुणाचा कितवा क्रमांक हे ठरवणारी केंद्राची अग्रक्रमाची यादी आहे ना, त्याप्रमाणं जाऊ. ती यादी मी काढून वाचली, १९७९ ची आहे, नंतर दुरुस्त्या झाल्यात. तिच्या खालीच टीप आहे की हा क्रम शासकीय आणि औपचारिक समारंभांसाठी आहे, रोजच्या कारभाराला तो लागू नाही. खासगी संस्थेच्या कॉलेजातल्या चर्चासत्राचे अध्यक्ष कोण आणि उद्घाटक कोण हे ती यादी ठरवत नाही. हां, राज्यपाल किंवा मंत्री येणार असतील तर मात्र आपल्या मनानं काहीच ठरवायचं नाही, मंचावरच्या खुर्च्यांपासून सगळं जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलूनच. आमच्याकडं तसं कुणी नव्हतं.

मग नावाचा उच्चार आणि पद. ह्यात मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो कामी आला. प्रत्येकाचा उल्लेख कसा बांधायचा ह्याची सरांनी एक पद्धत सांगितली. आधी आजची भूमिका, मग कायमचं पद, आणि शेवटी नाव. म्हणजे "आजच्या चर्चासत्राचे उद्घाटक, विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेचे अधिष्ठाता, आदरणीय डॉक्टर अमुक सर". नाव शेवटी आलं की त्याच्यावर थांबता येतं, लोकं टाळ्या वाजवतात, पाहुणे उभं राहून नमस्कार करतात. नाव आधी घेऊन मग पद लावलं की टाळ्या मधेच पडतात आणि पद कुणाला ऐकूच येत नाही. आदराचा शब्दही एकच, आदरणीय म्हटलं की परत माननीय नाही. डॉक्टर म्हटलं की श्री. नाही. मसुद्यात मी एका ठिकाणी "माननीय श्री. डॉ. अमुक साहेब सर" असं लिहिलं होतं, आदर दाखवायच्या भरात, त्यातले तीन शब्द सरांनी काढले आणि वाक्य एकदम ताठ उभं राहिलं.

प्राचार्या बाईंना फोन करून विचारलं की मॅडम, तुमचं नाव पत्रिकेत छापलंय तसंच घ्यायचं का. बरं झालं विचारलं. त्या लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही आडनावं लावतात आणि पत्रिकेत एकच छापलं गेलं होतं. मॅडमना वाईट वाटलेलं असणार पण त्या स्वतःहून कशाला सांगतील. भाषणात आणि सत्काराच्या वेळी आम्ही पूर्ण नाव घेतलं. अधिष्ठाता सरांकडं प्रभारी म्हणून चार्ज आहे का पूर्णवेळ, हे त्यांच्या कार्यालयातून विचारून घेतलं. अशा गोष्टी फोनवर एका मिनिटात होतात, आणि नाही केल्या तर माइकवर चुकतात.

लिहायचं कागदावर नाही तर कार्डांवर, हेही सरांचंच. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागद कापून घेतले, एका कार्डावर एकच व्यक्ती, मोठ्या अक्षरात तीन ओळी : भूमिका, पद, नाव. कोपऱ्यात पेन्सिलनं नंबर. पेन्सिलनं का, ते शेवटच्या दिवशी कळलं.

भाषणाचं बाकी अंग छोटंच ठेवलं. माझ्या वेगानं मिनिटाला साधारण १०० शब्द होतात हे मोबाइलवर वेळ लावून मोजलं होतं, पाच मिनिटं धरली म्हणजे ५०० शब्द, त्यातले निम्मे नावांत आणि पदांत जातात. लायगोचं दीड पान विभागप्रमुखांना देऊन टाकलं, त्यांना ते प्रास्ताविकात लागलंच. मी स्वतःसाठी दोनच वाक्यं ठेवली : "जी लहर १३० कोटी वर्षं प्रवास करून २०१५ साली अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना कळली, तशीच लहर टिपायला लायगोचं तिसरं उपकरण आपल्या औंढ्याच्या शिवारात उभं राहतंय. त्या कामाची ओळख करून घ्यायला आपण सगळे इथं आलात, म्हणून हे स्वागत." सरांनी दुसऱ्या वाक्याखाली रेघ ओढली आणि म्हणाले, "हे बरोबर. पाहुणे कशाला आलेत ते स्वागतात एकदा यायलाच पाहिजे, पण एकदाच."

कार्यक्रमाचा दिवस. वेळ साडेदहाची. पावणेदहाला संस्थेच्या सचिवांचा फोन, अध्यक्ष साहेबांची तब्येत रात्रीपासून बिघडलीय, ते येऊ शकत नाहीत, उपाध्यक्ष अध्यक्षस्थानी बसतील. पत्रिका छापून वाटून झालेली, बॅनरवर नाव, मंचावर नावाची पाटी. पाटी बदलता आली, बॅनर नाही.

मी सरांना फोन लावला, ते तयार होऊन निघायलेच होते. ते म्हणाले घाबरू नको, अध्यक्षाची सूचना आणि अनुमोदन घ्या. ही जुनी पद्धत आहे, आता बऱ्याच ठिकाणी पत्रिकेत नाव छापलेलं असतं म्हणून सोडून देतात. एक जण उभा राहून सांगतो की आजच्या समारंभाचं अध्यक्षस्थान अमुक यांनी स्वीकारावं अशी मी सूचना मांडतो, दुसरा म्हणतो मी ह्या सूचनेला अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात, आणि त्यानंतर तो माणूस मधल्या खुर्चीत बसतो. आमच्यासारख्या प्रसंगात ह्याचा खरा उपयोग कळला. बॅनरवर एक नाव आणि खुर्चीत दुसरा माणूस असं दिसलं असतं तर सभाभर कुजबुज झाली असती. सूचनेतच सांगून टाकलं की नियोजित अध्यक्ष प्रकृतीच्या कारणानं येऊ शकले नाहीत, त्यांच्या शुभेच्छा आहेत, उपाध्यक्ष साहेबांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं. दोन वाक्यांत विषय मिटला. माझं स्वागत त्याच्यानंतर होतं, त्यामुळं मला काहीच समजवावं लागलं नाही. मी फक्त पहिलं कार्ड बदललं, नवीन लिहिलं, पेन्सिलचा नंबर खोडला आणि टाकला. आणि उपाध्यक्षांचं जुनं कार्ड, जे पदाधिकाऱ्यांत होतं, ते गठ्ठ्यातून काढून खिशात घातलं. हे काढायचं राहिलं असतं तर एकाच माणसाचं नाव दोनदा आलं असतं, एकदा अध्यक्ष म्हणून आणि एकदा उपाध्यक्ष म्हणून.

मंचावर जाऊन खुर्च्या बघितल्या. आमच्या पद्धतीत अध्यक्ष मधे, त्यांच्या उजव्या हाताला उद्घाटक, डाव्या हाताला प्रमुख पाहुणे, मग एक इकडं एक तिकडं असं. शिपाईमामांनी पाट्या प्रेक्षकांकडं तोंड करून समोरून लावल्या होत्या, त्यामुळं त्यांचा उजवा म्हणजे बसणाऱ्यांचा डावा झाला होता, उद्घाटक आणि प्रमुख पाहुण्यांची अदलाबदल. ही चूक फार ठिकाणी होते. ओळखायची खूण सोपी, आपण स्वतः मधल्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि उजवा हात पुढं करायचा. मामांना बोलवून तसं दाखवलं, ते म्हणाले, "असं व्हय, मग दरसालच उलटं लागत असंल की," आणि दोघांनी मिळून पाट्या बदलल्या. ह्याच्यातूनच दुसरी गोष्ट ध्यानात आली, की माइकवर उभं राहून मंचाकडं बघत एका कडेनं नावं घेत जायची नाहीत. क्रम मधून दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, त्यामुळं कडेनं सुरू केलं तर सगळ्यात शेवटचा माणूस पहिला येतो. डोळे कार्डावर, नाव घेतलं की त्या माणसाकडं बघायचं, परत कार्डावर.

आता चूक कुठं झाली ते. सकाळी दहाच्या सुमाराला नेट चालेना. पुण्याच्या शास्त्रज्ञ बाईंशी जोडणी लागत नव्हती, आवाज येई तर चित्र नाही, चित्र आलं तर आवाज नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सर, त्यांचं कार्ड सध्या बाजूला ठेवा, जोडणी लागली नाही तर बीजभाषण दुपारी घेऊ. मी ते कार्ड गठ्ठ्यातून काढून सगळ्यात खाली ठेवलं. मग दीपप्रज्वलन झालं, प्रतिमापूजन, राज्यगीत, सूचना-अनुमोदन, आणि मला बोलवलं. दीपप्रज्वलनाच्या वेळीच जोडणी लागली होती, बाई पडद्यावर दिसायला लागल्या होत्या, पण पडदा मंचाच्या मागं, माझ्या पाठीला. मला कुणी सांगितलं नाही, आणि मी वळून बघितलं नाही.

मी संबोधन सुरू केलं. अध्यक्ष, उद्घाटक, मग प्रमुख पाहुण्या प्राचार्या, सचिव, प्राचार्य. प्रमुख पाहुण्यांचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या पण समोरच्या तीन-चार ओळींतल्या पोरांची नजर माझ्याकडं नव्हती, माझ्या डोक्याच्या वर होती. काहीतरी राहिलं हे मला तिथंच कळलं, काय राहिलं ते कळलं नाही. संबोधनाच्या शेवटाला, "आणि माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो" म्हणेपर्यंत तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वाकून पोडियमपाशी आली आणि चिठ्ठी ठेवून गेली. चिठ्ठीवर दोनच शब्द होते : "मॅडम ऑनलाइन".

त्या दोन-तीन सेकंदांत पहिला विचार आला की माफी मागावी आणि संबोधन पुन्हा सुरू करावं. पण सरांनी एक गोष्ट आधीच बजावून ठेवली होती, नाव राहिलं तर यादी परत वाचायची नाही, आणि चुकलो चुकलो करत बसायचं नाही, त्यानं राहिलेल्या माणसाची चारचौघांत आणखी अडचण होते. पुढं जिथं त्याची जागा येते तिथं पूर्ण मानानं घ्यायचं. माझ्या सुदैवानं अजून स्वागत व्हायचं होतं. स्वागतात पहिले उद्घाटक, त्यांचं स्वागत केलं. दुसरी जागा बीजभाषणाचीच होती. खालचं कार्ड वर काढलं, मंचाकडं वळलो, पडद्याकडं तोंड करून नमस्कार केला आणि म्हणालो, "आजच्या चर्चासत्राचं बीजभाषण करण्यासाठी पुण्याहून आपल्याशी जोडल्या गेलेल्या, गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासात आयुष्य घातलेल्या, आदरणीय डॉक्टर," आणि नाव. बाईंनी पडद्यावर हात जोडले. सभागृहात इतक्या टाळ्या झाल्या की मला पुढचं वाक्य थांबवून ठेवावं लागलं. संबोधनात त्यांचं नाव राहिलं ते राहिलंच, ते मला अजूनही लागतं. पण स्वागतात त्या त्यांच्या जागी आल्या.

ऑनलाइन पाहुण्यांबद्दल म्हणून एक आवर्जून सांगतो, क्रमात त्यांची जागा मंचावर बसल्यासारखीच धरायची. पडद्यावर आहेत म्हणून शेवटी, असं नाही. जोडणी लागली नसली तरी कार्ड जागचं हलवायचं नाही, तसंच नाव घ्यायचं, "थोड्याच वेळात आपल्याशी जोडल्या जाणाऱ्या" एवढं म्हणायचं. आणि पोडियम असा ठेवायचा की बोलणाऱ्याला मान वळवून पडदा दिसला पाहिजे, किंवा खाली एक छोटा स्क्रीन पाहिजे.

प्रमुख पाहुण्या मॅडमचं स्वागत झालं, दोन्ही आडनावांसह, त्या हसल्या. मग खालच्या पाहुण्यांकडं वळलो, नांदेड, परभणी, लातूर, छत्रपती संभाजीनगरहून आलेले प्राध्यापक, आणि तेवढ्यात दारात गडबड. भागातले एक लोकप्रतिनिधी आले होते, कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं पण निमंत्रण गेलेलं होतं. बरोबर दहा-बारा कार्यकर्ते. मी चालू वाक्य पूर्ण केलं आणि थांबलो. संस्थेच्या सचिवांनी पुढं जाऊन त्यांना मंचावर आणलं, प्राचार्य सरांनी आपली खुर्ची एकानं सरकवून जागा करून दिली. ते बसेपर्यंत मी काहीच बोललो नाही, साधारण मिनिटभर गेलं असेल. माइकवर बोलत राहिलं असतं तर खालच्या पाहुण्यांचं स्वागत गोंगाटात गेलं असतं आणि त्यांचाही अपमान झाला असता.

एक कार्यकर्ता पोडियमपाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, साहेबांचं नाव पहिल्यांदा घ्या." मी मान हलवली आणि एकच वाक्य म्हटलं, "अध्यक्ष महोदय, आपल्या अनुमतीनं, ह्या समारंभाला आवर्जून उपस्थित राहिलेले आपल्या भागाचे लोकप्रतिनिधी आदरणीय अमुक साहेब यांचं मी महाविद्यालयाच्या वतीनं मनःपूर्वक स्वागत करतो." अध्यक्षांचं नाव परत पुढं आलं, म्हणजे सभेचा क्रम मोडला नाही, आणि साहेबांना स्वतंत्र, सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य मिळालं. "विशेष उपस्थिती" म्हणून जे येतात त्यांना भूमिका असलेल्यांच्या मागून पण वेगळं घ्यायचं, गर्दीत नाही. सत्कार मागाहून, माझं भाषण संपल्यावर झाला. साहेब स्वतः दहा मिनिटांनी दुसऱ्या कार्यक्रमाला जायला उठले तेव्हा हात जोडून म्हणाले, चांगलं चालू आहे, चालू द्या.

त्याच्यानंतर माझं उरलेलं दीड मिनिट झालं. घड्याळात बघितलं तर खोळंब्याचं धरून साडेसात मिनिटं. प्रास्ताविकाला विभागप्रमुख उठले आणि पहिल्याच वाक्यात फक्त "आदरणीय अध्यक्ष महोदय, मंचावरील सर्व मान्यवर आणि मित्रहो" म्हणून सरळ लायगोवर गेले. हे आम्ही आधीच ठरवलं होतं. स्वागतात एकदा सगळ्यांची नावं आली की पुढच्या प्रत्येकानं ती परत घ्यायची गरज नसते. आमच्याकडं पूर्वी सहा वक्ते सहा वेळा सगळी यादी वाचायचे, एकेकाची दीड-दोन मिनिटं धरली तरी दहा मिनिटं त्यातच जायची, आणि ती बीजभाषणातून कापली जायची. ह्या वेळी बाईंना त्यांची ठरलेली ४५ मिनिटं पूर्ण मिळाली. खरं सांगू, सगळ्या दिवसात मला सगळ्यात जास्त समाधान ह्याचंच वाटलं, कारण आमच्या पोरांनी शेवटी प्रश्न विचारले, वेधशाळा जमिनीच्या कंपनांपासून कशी वाचवतात, आणि किल्लारीसारखा भूकंप झाला तर उपकरणाचं काय होईल. १९९३ साली ही पोरं जन्मलेलीही नव्हती, पण घराघरात ऐकलेलं असतं ना.

जेवणाच्या सुट्टीत मी प्राध्यापकांच्या पंगतीत बसलो होतो, सर शेजारी येऊन बसले. मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "सूचना-अनुमोदन चांगलं झालं. पडद्याकडं वळलास ते चांगलं केलंस." मग थोडं थांबून, "पण पत्रकार राहिले." मी कार्डं काढून बघितली. खरंच, पत्रकारांचं कार्ड शास्त्रज्ञ बाईंच्या कार्डाच्या मागं चिकटून आलं होतं, जाड कागदाच्या कडेला डिंकाचा थेंब सुकलेला. दोघे पत्रकार पहिल्या ओळीच्या टोकाला पूर्ण वेळ बसलेले होते. उठून त्यांच्याकडं गेलो, हात धुवायच्या आत, आणि सांगितलं की नाव घ्यायचं राहिलं. ते म्हणाले, चालतंय सर, त्याच्यात काय. मी समारोपात घ्यायला सांगतो म्हणालो.

समारोप साडेचारला होता आणि स्वागत आमच्या विभागातल्या नव्या मॅडम करणार होत्या. त्या प्रयोगशाळेत टेबलावर माझी कार्डं पसरून बसल्या होत्या. दुपारनंतर मंच पूर्ण बदललेला : उद्घाटक नांदेडला परत निघालेले, उपाध्यक्ष गेलेले, अध्यक्षस्थानी आता प्राचार्य, प्रमुख पाहुणे म्हणून पोस्टर स्पर्धेचे दोन परीक्षक. प्राचार्यांचं कार्ड सकाळी सहावं होतं, ते त्यांनी पहिलं ठेवलं, नंबर खोडून. पत्रकारांचं कार्ड मी त्यांच्या हातात दिलं. मग त्यांनी विचारलं, "सर, परीक्षक दोघंही सारख्याच पदावरचे हायेत, आधी कुणाला घेऊ?" मी म्हटलं, दोघांना फोन करून कुणाची नोकरी आधीची ते विचारा, आणि विचारताना नावाचा उच्चारही विचारून घ्या. त्यांनी मोबाइल उचलला.